रिपोर्टवर ‘अंडी कमी’ लिहिलंय? आधी तो आकडा काय मोजतो ते पाहू



या वेळी आरोग्याच्या पानावर एका कागदाबद्दल लिहिते आहे. मूल राहत नाही म्हणून तालुक्याला किंवा जिल्ह्याला दाखवायला गेलेल्या आपल्यातल्या काही जणी येताना सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन येतात. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, ‘अँट्रल फॉलिकल काउंट’, त्यापुढे एक आकडा आणि खाली ‘लो ओव्हेरियन रिझर्व्ह’. एसटीतून घरी येईपर्यंत त्याचं मराठी होतं, ‘हिची अंडी संपत आलीत.’ दुसऱ्या दिवशी घरात त्याचं आणखी एक मराठी होतं, ‘हिला मूल व्हायचं नाही.’

कागदावर जे लिहिलंय आणि घरात जे ऐकलं गेलं, त्यात फार मोठं अंतर आहे. त्या अंतरात कुणी गटाकडे मोठं कर्ज मागते, कुणी अंगावरचं डोरलं मोडते, कुणाच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणून तो आकडा नेमका कशाचा आहे, कसा मोजतात आणि त्यावरून काय सांगता येत नाही, हे नीट समजून घेऊ.

आकडा कशाचा असतो

बाईच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन अंडाशय असतात. डॉक्टर त्यांना ओव्हरी म्हणतात. स्त्रीबीजं तिथे असतात आणि ती आयुष्यात नव्याने तयार होत नाहीत. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्याकडे सुमारे १० ते २० लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली बरीचशी आपोआप जिरून ३ ते ४ लाखांच्या आसपास उरतात. पाळी सुरू झाल्यापासून जाईपर्यंत प्रत्यक्षात पिकून बाहेर पडतात ती फक्त ४०० ते ५००. बाकीची सगळी न पिकताच जिरतात. आपण गरोदर असलो, गोळ्या घेत असलो, काहीही करत असलो तरी हे जिरणं चालूच असतं. त्यात कुणाची चूक नाही आणि कुणाच्या खाण्यापिण्याने ते थांबतही नाही.

आता ही लाखभर बीजं कुठल्याही मशीनवर दिसत नाहीत, फार बारीक असतात. पण दर महिन्याला त्यातली थोडीशी पुढे सरकतात आणि प्रत्येकीभोवती पाण्याची इवलीशी पिशवी तयार होते. तिला फॉलिकल म्हणतात. ती २ ते १० मिलिमीटरची झाली की सोनोग्राफीत काळ्या ठिपक्यासारखी दिसते. मोहरीच्या दाण्यापासून मोठ्या वाटाण्यापर्यंत, असं समजा. दोन्ही बाजूंचे असे ठिपके मोजायचे आणि बेरीज करायची. झाला तुमचा अँट्रल फॉलिकल काउंट, म्हणजेच एएफसी.

म्हणजे कणगीत किती धान्य आहे ते कुणी मोजलेलं नाही. या महिन्यात सुपात किती आलं ते मोजलंय, आणि त्यावरून कणगीचा अंदाज बांधलाय. अंदाज बरा असतो, कारण कणगी भरलेली असेल तर सुपात जास्त येतं. तरुण वयात हा आकडा जास्त असतो आणि वयाबरोबर कमी होत जातो. दोन्ही बाजू मिळून ५ ते ७ पेक्षा कमी भरला, तर डॉक्टर साधारणपणे ‘कमी’ म्हणतात.

याच्या जोडीला एक रक्ताची तपासणी सांगतात, एएमएच नावाची. हेच बारीक फॉलिकल एक द्रव्य रक्तात सोडतात, त्याचं प्रमाण ती तपासणी सांगते. त्यामुळे एएफसी आणि एएमएच हे दोन वेगवेगळे पुरावे आहेत असं समजू नका. एकच गोष्ट एकदा डोळ्यांनी आणि एकदा रक्तात पाहिलेली असते. एएमएचचा आकडा दोन वेगळ्या मापांत लिहिला जातो, तेही लक्षात असू द्या. एका मापातला १ म्हणजे दुसऱ्या मापातला जवळपास ७. एका लॅबमध्ये ७ आणि दुसरीत १ आला म्हणून घाबरून जाण्याआधी आकड्यापुढचं माप पाहायला सांगा.

मोजणी कशी व्हायला हवी

एएफसी पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात मोजतात. नीट अंगावर जायला लागतं तो पहिला दिवस. नुसता डाग दिसला तो धरायचा नाही. हेच दिवस का? कारण त्यानंतर महिन्यातला एक फॉलिकल मोठा व्हायला लागतो आणि बाकीचे मागे पडून जिरतात. म्हणजे बाराव्या दिवशी मोजलं तर आकडा कमी येऊ शकतो, आणि तो कमीपणा त्या बाईत नसून तारखेत असतो.

दुसरी गोष्ट, ही सोनोग्राफी आतून करतात, योनीमार्गातून. त्यासाठी लघवी करून यायला सांगतात. आपल्याला सवय असते ती पोटावरच्या सोनोग्राफीची, जिच्यात ‘भरपूर पाणी प्या आणि रोखून धरा’ असं सांगतात. पोटावरून पाहताना मध्ये कातडी, चरबी, आतडी येतात आणि हे बारीक ठिपके नीट दिसत नाहीत. लग्न न झालेल्या मुलींची आतून सोनोग्राफी सहसा करत नाहीत, तेव्हा त्यांचा पोटावरून मोजलेला आकडा त्या तोलानेच घ्यायचा.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. माला-एन किंवा तशा प्रकारच्या गोळ्या काही महिने चालू असतील तर अंडाशय विश्रांतीत असतं. फॉलिकल कमी दिसतात आणि एएमएचही खाली येतं. गोळ्या बंद करून दोन-तीन महिने गेले की आकडा परत वर येतो. गोळ्यांनी अंडी संपली असं मुळीच नसतं.

हे सगळं नीट केलं तरी एकाच बाईचा आकडा एका महिन्यात ६ आणि दुसऱ्या महिन्यात ९ येऊ शकतो. दोन डॉक्टरांनी एकाच दिवशी मोजला तरी दोन-तीनचा फरक पडतो. शेवटी काळे ठिपके डोळ्यांनीच मोजायचे असतात.

पोतं किती आणि उगवण किती

आता मुख्य गोष्टीकडे येते. आपल्याकडे बोलताना बी पुरुषाचं आणि जमीन बाईची असं म्हणायची पद्धत आहे. ती विसरा थोडा वेळ. स्त्रीबीज हे बाईचं बी आहे, ते पुरुषाच्या बीजाला मिळालं तरच गर्भ होतो. बी दोघांचं लागतं.

सोयाबीन पेरण्याआधी आपण काय करतो? घरचं बियाणं असेल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि सात-आठ दिवसांनी किती उगवले ते मोजतो. पोत्यात दाणे किती आहेत, यावरून उगवण कळत नाही. कोठीत चार पोती जुनं बियाणं असलं तरी निम्मं उगवत नाही, आणि अर्धंच पोतं असलं पण चांगलं असलं तर सगळं तरारून येतं.

एएफसी पोतं मोजतं. उगवण मोजत नाही. स्त्रीबीज चांगलं आहे का, त्यातून गर्भ नीट वाढेल का, हे त्या काळ्या ठिपक्यात दिसत नाही, आणि रक्तातल्या एएमएचवरूनही कळत नाही. बीजाच्या उगवणीचा त्यातल्या त्यात खरा अंदाज देणारी गोष्ट एकच आहे, बाईचं वय. वय वाढतं तशी बीजं जुनी होतात आणि त्यांच्यात दोष वाढतो. तिशीतल्या निरोगी बाईला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण शंभरात वीस धरतात, चाळिशीत ती शंभरात पाचाच्याही खाली जाते. म्हणून २६ वर्षांच्या, एएफसी ६ असलेल्या बाईची स्थिती ही ४१ वर्षांच्या, एएफसी १५ असलेल्या बाईपेक्षा सहसा चांगली असते. आकड्याकडे बघून मात्र कुणीही उलटंच म्हणेल.

शिवाय आपोआप दिवस राहण्यासाठी महिन्याला बी लागतं किती? एक. सुपात सहा असोत की सोळा, पिकून बाहेर पडतं ते सहसा एकच, बाकीची त्या महिन्यात जिरतात. सहांतून एक निवडलं गेलं काय आणि सोळांतून एक निवडलं गेलं काय, त्या महिन्यापुरतं एकच हातात येतं. पाळी नियमित येत असेल तर ते एक बहुतेक महिन्यांत बाहेर पडत असतंच.

हे नुसतं माझं समजावणं नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात हे तपासून पाहिलं गेलं आणि २०१७ मध्ये ‘जामा’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. ३० ते ४४ वयाच्या ७५० बायका त्यात होत्या. त्यांना आधी मूल न होण्याचा त्रास नव्हता आणि त्यांनी दिवस राहावेत म्हणून नुकताच प्रयत्न सुरू केला होता. त्यांचं एएमएच तपासलं आणि वर्षभरापर्यंत पाहिलं. वयाचा फरक हिशेबात धरून आलेला निकाल असा: सहा पाळ्यांपर्यंत दिवस राहण्याची शक्यता एएमएच कमी असलेल्यांत शंभरात ६५ आणि ठीक असलेल्यांत ६२. बारा पाळ्यांपर्यंत ८४ आणि ७५. कमीवाल्यांचा आकडा जास्त दिसतोय, पण ‘कमी असणं चांगलं’ असा अर्थ काढू नका. तो फरक योगायोगाने येऊ शकेल इतकाच आहे. अर्थ एवढाच, की कमी एएमएच असलेल्या मागे पडल्या नाहीत. एएमएच आणि एएफसी एकाच गोष्टीची दोन मापं असल्याने हे आपल्या विषयाला लागू पडतं. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलं, की वंध्यत्वाचा त्रास नसलेल्या बाईला ‘तुला मूल होईल की नाही’ हे सांगण्यासाठी एएमएच तपासणी वापरू नये.

या अभ्यासाची मर्यादाही सांगायला हवी. तिथल्या बायका नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या होत्या. तुम्ही चार वर्षं प्रयत्न करत असाल तर तुमची शक्यता ८४ आहे असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण मग चार वर्षं का राहिलं नाही याचं कारण शोधायचं असतं, आणि ते कारण एएफसीच्या आकड्यात सापडतंच असं नाही.

मग डॉक्टर हा आकडा मोजतात तरी कशाला?

तपासणी खोटी नाहीये. ती ज्या कामासाठी आहे त्या कामाला चांगली आहे. टेस्ट ट्यूब बेबीच्या, म्हणजे आयव्हीएफच्या उपचारात इंजेक्शनं देऊन त्या महिन्यातले जास्तीत जास्त फॉलिकल एकदम वाढवतात आणि बीजं बाहेर काढतात. तिथे सुपात किती आहेत हे आधी कळणं फार गरजेचं असतं. सहा असतील तर हाताला थोडीच बीजं लागणार हे डॉक्टर आधीच सांगू शकतात. तीस असतील तर इंजेक्शनाचा डोस जपून द्यावा लागतो, नाहीतर अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा धोका असतो. अंडाशयातल्या गाठीचं, चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन करण्याआधी किंवा कॅन्सरच्या औषधांआधीही हा आकडा उपयोगी पडतो, कारण या उपचारांनी बीजं कमी होऊ शकतात.

थोडक्यात, इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं मिळतील, या प्रश्नाचं उत्तर एएफसी बऱ्यापैकी देतं. हिला मूल होईल का, या प्रश्नाचं देत नाही. दोन्ही प्रश्न ऐकायला सारखे वाटतात, म्हणून घोटाळा होतो.

आकडा खूप मोठा आला तर खुश व्हायचं का? तसंही नाही. एकेका बाजूला वीस-वीस फॉलिकल दिसतात तेव्हा बऱ्याचदा ते पीसीओडीचं लक्षण असतं. पोती भरलेली, पण पेरणीच होत नाही, म्हणजे बीज पिकून बाहेरच पडत नाही. पाळी दोन-दोन महिने लांबते. तिथे उपचार निराळा, बीज बाहेर पडायला मदत करण्याचा.

एक स्थिती मात्र वेगळी आहे. वय चाळिशीच्या आत आणि पाळी चार-चार महिने येतच नाही, अंगातून गरम वाफा निघतात, तर अंडाशयाचं काम लवकर थांबत असू शकतं. तिथे आकडा कमी असणं खरोखर गंभीर असतं. वेळ न घालवता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

एका ताईचा कागद

आता एक कागद आपण सोबत वाचू. माझ्या क्षेत्रातल्या एका ताईने तो दाखवला आणि लिहायची परवानगी दिली. तिची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

वय २७, लग्नाला तीन वर्षं. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून चार-पाच दिवस घरी. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. उजवीकडे ३, डावीकडे ३, एकूण ६. एएमएच ०.९. सांगितलं गेलं की अंडी झपाट्याने संपताहेत, लगेच आयव्हीएफ करा, उशीर झाला तर दुसऱ्या बाईचं बीज घ्यावं लागेल. पॅकेजसाठी तिने गटाकडे ५०,००० रुपये कर्ज मागितलं. उरलेले माहेरून आणणार होती.

गटाच्या अध्यक्षताईंनी फार छान केलं. बैठकीत ‘कशाला पाहिजे’ अशी चर्चा होऊ दिली नाही. इतिवृत्तात ‘दवाखाना’ एवढंच लिहिलं, आणि पैसे देण्याआधी एकदा उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना कागद दाखवू, असं तिला एकटीला बाजूला घेऊन सुचवलं. मी सोबत गेले.

मॅडमनी आधी आकडा पाहिलाच नाही. त्यांनी कागदाच्या वरच्या कोपऱ्यातल्या दोन तारखा पाहिल्या. शेवटची पाळी ४ तारखेला, सोनोग्राफी १४ तारखेला. बोटांवर मोजा, ४ हा पहिला दिवस, तर १४ हा अकरावा. मग विचारलं, सोनोग्राफी पोटावरून की आतून? पोटावरून, पाणी प्यायला सांगितलं होतं. गोळ्या चालू होत्या का? हो, पोटात दुखतं म्हणून तीन महिने पाळीच्या गोळ्या होत्या, त्या संपल्यावरच ४ तारखेची पाळी आली होती. म्हणजे आकडा खाली ओढणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर हजर.

त्याच रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ होती, तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. ‘उजव्या अंडाशयात १४ मिलिमीटरचा एक फॉलिकल.’ मॅडम म्हणाल्या, “अगं, हा बघ, तुझा त्या महिन्याचा वाढतोय की. अंडाशय काम करतंय.” ज्या कागदाने तिला झोप लागू दिली नव्हती, त्याच कागदावर हेही लिहिलेलं होतं.

मग मॅडमनी जे विचारलं, ते आधी कुणी विचारलंच नव्हतं. नवऱ्याची तपासणी झाली का? नाही. नलिका उघड्या आहेत का ते पाहिलं का? नाही. घरात किंवा तुला कधी टीबी झाला होता का? आपल्या भागात हा प्रश्न महत्त्वाचा असतो, कारण टीबी फुप्फुसापुरताच राहत नाही. तो गर्भाशयाच्या नलिकांतही शिरतो आणि त्या बंद पाडतो. नलिका बंद असेल तर बीज कितीही असलं तरी भेट व्हायची कशी? तिला टीबी झालेला नव्हता.

आणि शेवटचा प्रश्न, नवरा घरी कधी असतो? तिने मोबाइलवर भाड्याच्या तारखा पाहून सांगितल्या आणि आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या पाळीच्या तारखांशी जुळवल्या. तिची पाळी २८-३० दिवसांची. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. दिवस राहू शकतात ते त्या दिवशी आणि त्याआधीच्या पाच दिवसांत. म्हणजे तिच्यासाठी साधारण नवव्या ते सोळाव्या दिवसाच्या मधले. गेल्या आठ महिन्यांत नवरा या दिवसांत घरी होता तो फक्त दोनदा. घरच्यांच्या हिशेबात तीन वर्षं प्रयत्न चालू होते. कॅलेंडरच्या हिशेबात त्या आठ महिन्यांतले प्रयत्नाचे महिने दोनच.

गोळ्या बंद होऊन तीन महिने झाल्यावर, पाळीच्या तिसऱ्या दिवशी, आतून परत मोजणी केली. उजवीकडे ४, डावीकडे ५, एकूण ९. सहाचे नऊ झाले म्हणून मूल होण्याची शक्यता दीडपट झाली असं समजू नका. तो आकडा सहाच आला असता तरी मॅडमनी पुढे तेच केलं असतं.

नवऱ्याची वीर्य तपासणी झाली. तीन दिवस अंतर ठेवून, स्वच्छ डबीत, थोड्याच वेळात लॅबमध्ये दिलेलं. एवढीच ती तपासणी असते, सुई नाही की आतून काही नाही. तरी त्याला तयार करायला दीड महिना गेला आणि शेवटी काम केलं ते त्याच्या मोठ्या भावाने. शुक्रजंतू एका मिलीमध्ये १ कोटी १० लाख आले. १ कोटी ६० लाखांच्या खाली असेल तर कमी धरतात. फार कमी नाहीत, पण कमी. गुटखा बंद करायला सांगितलंय आणि तीन महिन्यांनी परत तपासणी आहे, कारण नवीन शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. तिची नलिकांची तपासणी पुढच्या पाळीनंतर आहे. गटाने आत्तापुरते तपासण्यांसाठी ५,००० रुपये दिले आहेत. हे लिहिते आहे तोवर तिला दिवस राहिलेले नाहीत, आणि पुढे आयव्हीएफ लागणारच नाही असंही कुणी तिला सांगितलेलं नाही. लागलं तर तेव्हा गट परत बसेल.

कधी जायचं आणि काय न्यायचं

वय पस्तिशीच्या आत असेल, दोघं एकत्र राहत असाल आणि वर्षभर दिवस राहिले नाहीत तर दाखवा. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच. चाळिशी झाली असेल, पाळी फार अनियमित असेल, टीबी झाला असेल किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर वाट पाहू नका. दोघांनी जा. जाताना गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं न्या.

कुणी एएफसी कमी आहे म्हणून लगेच मोठा उपचार सुचवला, तर विचारा: कितव्या दिवशी मोजलं, आतून की पोटावरून, आणि नवऱ्याचा रिपोर्ट व नलिकांची तपासणी पाहिली का. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. आयव्हीएफ करायचं ठरलंच तर ते केंद्र २०२१ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेलं असायला हवं, तेही विचारा. त्याच कायद्यात दोघांच्या लेखी संमतीशिवाय उपचार करता येत नाही. समोर ठेवलेला संमतीचा कागद इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

आणि ही गोष्ट मूल नको असलेल्या तायांसाठी. पाळीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी करताना पस्तिशी-चाळिशीतल्या काहींच्या रिपोर्टवरही ‘ओव्हेरियन रिझर्व्ह कमी’ असं लिहून येतं. दोन मुलं आहेत, ऑपरेशन केलेलं नाही, आणि ‘आता अंडी संपलीच आहेत’ म्हणून तांबी काढून टाकायचा विचार मनात येतो. काढू नका. महिन्याला एकच बीज लागतं आणि पाळी येते आहे तोवर ते बाहेर पडू शकतं. पाळी पूर्ण बंद होऊन, पन्नाशीच्या आत असाल तर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष होईपर्यंत काळजी घ्यायचीच. तांबीची मुदत संपली असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरना तारीख दाखवा.